प्रत्येक पायरीवर साठ

१९०७ साली बाबासाहेब मॅट्रिक झाले, तेव्हा त्यांना ७५० पैकी २८२ गुण मिळाले होते. टक्केवारी ३७.६. पुढे कोलंबिया आणि लंडन येथील पदव्या त्यांनी मिळविल्या, हे सर्वज्ञात आहे. आज हिंजवडीतील नोकरीसाठी त्यांनी अर्ज केला असता, तर अनेक कंपन्यांच्या संगणकाने तो पहिल्याच रकान्यात बाद केला असता.

दहावी, बारावी किंवा पदविका आणि पदवी या प्रत्येक टप्प्यावर किमान ६० टक्के, अशी ही अट. टीसीएससारख्या मोठ्या कंपनीच्या भरतीतही ती दिसते. येथे सरासरी चालत नाही. दहावीचे ८० टक्के बारावीचे ५८ भरून काढीत नाहीत आणि ५९.९ म्हणजे ६० नव्हे.

आमच्या वसतिगृहातील एका मुलीचे उदाहरण देतो. दहावीला ७१, बारावीला ६२. अभियांत्रिकीच्या पहिल्या चार सत्रांत इंग्रजीशी झगडताना सरासरी ५६.५ वर राहिली. सर्व सत्रांचे एकूण गुण समान धरले, तर सहा सत्रांअखेर ६० होण्यासाठी पुढील दोन सत्रांत सरासरी ६७ हवे होते. हा हिशेब तिला कोणी सांगितला नाही. तिने ६१ मिळविले. प्रगती झाली, पण एकूण सरासरी ५८ वरच थांबली. सातव्या सत्रात महाविद्यालयात आलेल्या कंपन्यांच्या यादीत तिचे नाव नव्हते. शेवटच्या दोन सत्रांत तिने ६६.५ मिळविले आणि पदवी ६०.१३ टक्क्यांची झाली. तोवर कंपन्या निघून गेल्या होत्या.

घरातील पहिली पदवीधर पिढी बहुधा अशीच चढत जाते. आरंभी अडखळते, मग सावरते. ही अट नेमका तो चढ पाहत नाही. पंधराव्या वर्षीचे गुण बाविसाव्या वर्षी दार अडवितात. चाचणी आणि मुलाखत घेणाऱ्या कंपनीला त्या आधीच्या चाळणीची गरज का भासावी? अर्ज हजारोंनी येतात, हे उत्तर सोयीचे आहे, न्यायाचे नाही.

अट बदलेपर्यंत हिशेब तरी वेळेवर व्हावा. श्रेयांक पद्धतीत अधिक श्रेयांकांच्या विषयाचा भार अधिक असतो, म्हणून तो विषय आधी सांभाळावा. सीजीपीएचे टक्क्यांत रूपांतर आपल्या विद्यापीठाच्या सूत्रानेच करावे. दहाने गुणून निश्चिंत होऊ नये. बारावीला थोडक्यात हुकलेल्यांनी मंडळाच्या श्रेणीसुधार योजनेची चौकशी त्याच वर्षी करावी, कारण तिच्या संधी मर्यादित असतात.

आमची सूचना एवढीच: दहावीनंतरही आपल्या शाळेने प्रत्येक मुलाची गुणनोंद ठेवावी आणि दुसऱ्या वर्षाअखेर त्याला पुढचा आकडा सांगावा. कंपन्यांत अधिकारपदावर पोहोचलेल्या माजी विद्यार्थ्यांनी ही अट का आहे, हा प्रश्न आपल्या कार्यालयात विचारावा.