नक्षी सांगायची कशी?

मुरूड-श्रीवर्धनकडच्या निकाहांत नवरीची मेंदी हल्ली पुष्कळदा फोनवरच ठरते. "दोन्ही हात सारखे, भरगच्च" एवढंच सांगितलं, तर मेंदी काढणारी मुलगी डाव्या तळव्याची नक्षी उजव्यावर जशीच्या तशी उतरवते. मग हात शेजारी ठेवले की सगळ्या कैऱ्या एकाच दिशेला वळलेल्या! म्हणून "दोन्ही हातांवर कैरीचं टोक करंगळीकडे" असं सांगा.

मग मध्य सांगा. मनगटाच्या मधोमधून मधल्या बोटाच्या मुळापर्यंत रेघ कल्पायची आणि तिच्यावर तळव्याच्या खोलगट जागी टिक्कीचा ठिपका द्यायचा. त्याभोवती समोरासमोर चार ठिपके, त्यांच्या मधे आणखी चार, आणि मगच पाकळ्या. एका बाजूने गोल काढत गेलं की शेवटची पाकळी चेपते. हात सैल हवा. ताणलेल्या तळव्यावरचं वर्तुळ हात सैल सोडल्यावर लांबट दिसतं.

बोटांचं गणित वेगळं. करंगळीचं टोक साधारण अनामिकेच्या वरच्या पेराच्या रेघेपाशी येतं. चारही बोटांवरच्या पट्ट्या एका आडव्या ओळीत आणल्या, तर बोटं तुटक दिसतात. तेव्हा "मधल्या पेरावर जाळी, वरचं पेर भरीव" असं पेरांनी सांगा, म्हणजे प्रत्येक बोट आपलं माप आपणच देतं. दोन्ही कडांना बारीक कोरी पट्टी ठेवायला सांगा, नाहीतर बोटं जाड भासतात. अंगठा तिरका असतो, त्याची वेल त्याच्याच दिशेने जाऊ द्या.