विश्लेषण : रेफरलवर नोकरी लागली; मग आभार मानताना शब्द का अडतात?

नोकरीचे ऑफर लेटर ई-मेलवर येते तेव्हा पहिला फोन घरी जातो. दुसरा मेसेज बहुतेकदा त्या सहकाऱ्याला जातो, ज्याने आपल्या कंपनीच्या पोर्टलवर नाव टाकलेले असते. हा दुसरा मेसेज लिहिताना मात्र अनेकांचा अंगठा अडखळतो. नुसते ‘थँक्यू’ कोरडे वाटते आणि चार ओळी लिहिल्या तर मस्का लावल्यासारखे वाटते. त्यात रेफर करणाऱ्याला कंपनीकडून बोनस मिळणार हे दोघांनाही ठाऊक असते. त्यामुळे मनापासूनचे शब्दही व्यवहारी वाटतील की काय, अशी धास्ती असते. ही अडचण शिष्टाचाराची वाटली तरी तिचे मूळ रेफरल कसे चालते यात आहे.

रेफर करणारा नेमके काय करतो?

बाहेरून पाहणाऱ्याला रेफरल म्हणजे एक लिंक आणि दोन क्लिक वाटतात. काही वेळा ते खरेही असते. पण मनापासून केलेल्या रेफरलमध्ये बरेच काही दडलेले असते. जॉब आयडी शोधायचा, रेझ्युमे त्या जागेला जुळतो का ते पाहायचे, पोर्टलवर अर्ज भरायचा. त्या अर्जात ‘उमेदवाराला कसे ओळखता, किती काळ एकत्र काम केले, शिफारस का करता’ असे प्रश्न असू शकतात आणि उत्तराखाली स्वतःचे नाव असते. उमेदवार मुलाखतीत ढेपाळला किंवा ऑफर स्वीकारून ऐनवेळी रुजूच झाला नाही, तर पुढच्या वेळी त्या सहकाऱ्याच्या शिफारशीचे वजन कमी होते. म्हणजे खर्ची पडते ती त्याची पत.

बोनसचे गणितही समजून घ्यायला हवे. अनेक कंपन्यांत ही रक्कम नवा कर्मचारी रुजू होऊन ठरावीक महिने टिकला तरच मिळते. ती पगारात धरली जाते, त्यामुळे करही कापला जातो. उमेदवाराने आधीच थेट किंवा कन्सल्टन्सीमार्फत अर्ज केलेला असेल, तर रेफरल ग्राह्यच धरले जात नाही, असाही नियम असतो. आयटीत 90 दिवसांचा नोटीस पिरियड सर्रास असतो. तो धरला तर शिफारस आणि बोनस यांत सहज सहा-आठ महिने जातात. एवढ्या लांबच्या आणि अनिश्चित रकमेसाठी कुणी रिलीजच्या आठवड्यात दुसऱ्याचा रेझ्युमे वाचत बसत नाही. बोनस असतो म्हणून आभाराची गरज उरत नाही, हा समज म्हणूनच चुकीचा आहे.

अवघडलेपण येते कुठून?

एक कारण नात्याच्या अंतरात आहे. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी अमेरिकेत बोस्टनजवळच्या एका उपनगरातील नोकरदारांना ‘नोकरीची माहिती देणारी व्यक्ती तुम्हाला किती वेळा भेटायची’ असे विचारले होते. ‘नेहमी’ असे उत्तर देणारे 17 टक्केही नव्हते. बाकीच्यांना ती व्यक्ती अधूनमधून किंवा क्वचितच भेटत असे. 1973 मध्ये प्रसिद्ध झालेला हा अभ्यास आजही उद्धृत होतो, कारण अनुभव फारसा बदललेला नाही. रेफर करणारा बहुतेकदा जिवलग मित्र नसतो. तो जुन्या टीममधला, दोन वर्षांत एकदा वाढदिवसाला शुभेच्छा देणारा माणूस असतो. मित्राला शिवी घालूनही आभार मानता येतात. या माणसाला नाही.

दुसरे कारण आपल्या भाषेत आहे. मराठी घरात जवळच्या माणसाचे आभार मानले की ‘परकं करतोस का?’ असा प्रश्न येतो. आणि औपचारिक आभारांसाठी जे शब्द हाताशी आहेत, ते बहुतेक देण्याघेण्याच्या वहीतले आहेत. ऋणी आहे, उपकार फेडू शकत नाही, ऋणातच राहायला आवडेल. ‘आभार’ या शब्दातच ‘भार’ ऐकू येतो. सभेत आभारप्रदर्शनाला हे शब्द शोभतात. व्हॉट्सॲपवर दोन माणसांत आले की समोरच्याला आपण सावकार झाल्यासारखे वाटते.

मेसेज कुठे घसरतो?

समजा, पुण्यातील एका कंपनीत चार वर्षे काम केलेली टेस्टिंग इंजिनिअर आहे. जुन्या टीममधील एका ज्येष्ठ सहकाऱ्याने तिला हिंजवडीतील आपल्या नव्या कंपनीत रेफर केले. ऑफर आल्यावर तिने पहिला मसुदा लिहिला तो असा : ‘दादा, ऑफर आली! केवळ तुमच्यामुळे माझं करिअर मार्गी लागलं. पगारही चांगला वाढला. तुमचे उपकार कसे फेडू कळत नाही. कधीही काहीही लागलं तर हक्काने सांगा. पार्टी नक्की! आणि तुमचा बोनस आला की कळवा.’

भावना खरी आहे, यात शंका नाही. पण वाक्ये तपासली तर पहिली सगळी तिच्याविषयी आहेत : तिची ऑफर, तिचे करिअर, तिचा पगार. नंतरची सगळी परतफेडीची आहेत. ‘काहीही लागलं तर सांगा’ हे ऐकायला प्रेमळ वाटते, पण या ठिकाणी ते हिशेब चुकता करण्याची तारीख पुढे ढकलण्यासारखे आहे. शेवटच्या थट्टेने तर सगळ्या मेसेजवर किमतीचे लेबल चिकटते. आणि ‘केवळ तुमच्यामुळे’ हे खरेही नाही. मुलाखती तिने दिल्या आहेत. सहकाऱ्याला ते माहीत आहे, त्यामुळे ती स्तुती त्याला पोकळ वाटते.

या फरकावर संशोधनही झाले आहे. मानसशास्त्रज्ञ सारा अल्गो आणि सहकाऱ्यांनी 2016 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जोडीदार एकमेकांचे आभार कसे मानतात ते तपासले. ‘मला किती फायदा झाला’ असे सांगणे आणि ‘तू जे केलेस त्यातून तू कसा माणूस आहेस ते दिसले’ असे सांगणे, असे दोन भाग त्यांनी वेगळे केले. ऐकणाऱ्याला आपलेपणा वाटणे हे दुसऱ्या प्रकाराशी जोडलेले आढळले, पहिल्याशी नाही. अभ्यास जोडप्यांचा होता, ऑफिसचा नाही. त्यामुळे तो जसाच्या तसा लागू करता येणार नाही, पण वरचा मसुदा का घसरला हे त्यातून नीट कळते.

मग लिहायचे काय?

आधी आठवायचे. त्या सहकाऱ्याने काय काय केले होते? त्याने रेझ्युमे वाचून ऑटोमेशनचे काम वर घ्यायला सांगितले. दोन आठवडे पोर्टलवर ‘अर्ज विचाराधीन’ एवढेच दिसत होते, तेव्हा तिने न सांगता त्याने एचआरला मेसेज केला. या दोन गोष्टी दुसऱ्या कुणाच्याही आभाराच्या मेसेजमध्ये बसणार नाहीत, म्हणून त्याच कामाच्या. दुसरा मसुदा असा झाला :

‘दादा, आज ऑफर लेटर आलं. घरी सांगितलं आणि लगेच तुम्हाला लिहितेय. ऑटोमेशनचं काम तिसऱ्या पानावर का लपवलंस, असं तुम्ही विचारलंत ना, पहिल्या राउंडला अर्धा तास त्यावरच बोलणं झालं. आणि मध्ये काहीच हालचाल नव्हती, तेव्हा मी न विचारताच तुम्ही एचआरला मेसेज केलात, तेही रिलीजच्या गडबडीत. जुन्या टीममध्येही नवीन आलेल्यांना तुम्ही असंच सांभाळून घ्यायचात. मनापासून आभार. सोमवारी राजीनामा देतेय, जॉइनिंग साधारण तीन महिन्यांनी. मध्ये काही बदललं तर आधी तुम्हाला कळवीन.’

यात ‘आभार’ हा शब्द एकदाच आहे आणि तो आता जड वाटत नाही, कारण आधीची वाक्ये त्या माणसाविषयी आहेत. पगाराचा आकडा नाही, बोनसचा उल्लेख नाही. शेवटचे वाक्य तर परतफेडीच्या कुठल्याही वचनापेक्षा उपयोगी आहे. नोटीसच्या तीन महिन्यांत दुसऱ्या ऑफर येतात, जुनी कंपनी पगार वाढवून थांबवू पाहते. तसे काही झाले तर रेफर करणाऱ्याला ते एचआरकडून कळणे, हा त्याचा खरा अवमान असतो.

आपल्याला नीट लिहिता येईल का, ही भीती मात्र बाजूला ठेवायला हरकत नाही. अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांच्या 2018 मधील प्रयोगांत आभाराचे पत्र लिहिणाऱ्यांना आपले शब्द तोकडे पडतील आणि वाचणारा अवघडेल असे वाटत होते. प्रत्यक्षात वाचणाऱ्यांना त्यांनी धरले होते त्याहून कमी अवघडल्यासारखे झाले आणि बरे मात्र जास्त वाटले. लिहिणारा शब्द तपासत बसतो, वाचणारा ऊब पाहतो.

नोकरी लागली नाही तर?

खरे तर आभार कितपत मनापासूनचे आहेत हे इथेच कळते. निवड न झालेले बहुतेक उमेदवार गप्प बसतात. शरम असते, वाईट वाटलेले असते. पण पलीकडच्याला अनेकदा निकालच कळलेला नसतो. ‘दुसऱ्या राउंडला थांबलो. एपीआय टेस्टिंगवर कमी पडलो. तुम्ही वेळ काढून नाव टाकलंत, ते लक्षात आहे,’ एवढ्या तीन वाक्यांत कुठलाही सौदा शिल्लक राहत नाही. नोकरीच नाही, तर व्यवहार कसला?

पेढे, भेटवस्तू आणि लिंक्डइन

पेढ्यांचा पुडा चालतो. तो आनंदाचा वाटा असतो, मोबदला नसतो, हे मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाही. चार-पाच हजारांचे गिफ्ट कार्ड मात्र चालत नाही. त्यावर रक्कम छापलेली असते आणि ती बोनसशी ताडून पाहिली जाते. पैसे पाठवणे तर सहकाऱ्यालाच अडचणीत आणू शकते, कारण पैसे घेऊन शिफारस करणे बहुतेक कंपन्यांच्या नियमांत बसत नाही.

लिंक्डइनवरच्या जाहीर आभारांबाबत जपूनच राहिलेले बरे. ‘यांनी मला रेफर केले’ असे टॅग करून लिहिले की त्या सहकाऱ्याच्या इनबॉक्समध्ये अनोळखी लोकांचे रेझ्युमे येऊन पडतात. एखाद्याला ते आवडेलही, पण आधी विचारावे. आणि त्याच मेसेजमध्ये ‘माझ्या मित्रासाठी पण बघा ना’ हे वाक्य जोडण्याचा मोह तर आवरायलाच हवा. मित्राची गरज खरी असली तरी त्यासाठी दुसरा दिवस निवडता येतो.

रुजू झाल्यावर महिन्याभराने आणखी एक छोटा निरोप पाठवता येतो. ‘तुम्ही म्हणाला होतात तशीच टीम आहे, पहिली रिलीज झाली,’ एवढाच. त्यात आभार नसले तरी चालतात. पलीकडून बहुधा ‘अगं, त्यात काय एवढं’ असे उत्तर येईल. त्यावर ‘नाही नाही, खूप मोठी गोष्ट आहे’ असा वाद घालत बसू नये. ‘चहाला कधी भेटायचं?’ विचारावे आणि बिल कोण देणार हे त्या दिवसावर सोडावे.