अर्धी गोष्ट पुढे नेताना

दहावीच्या मराठीच्या उपयोजित लेखनात कथालेखन असते आणि अपूर्ण कथा पूर्ण करणे हा त्याचाच एक प्रकार. उर्दू बोलणाऱ्या घरांतली आमची मुले इथे अडखळतात. गोष्ट सुचत नाही असे नाही. सुचलेली गोष्ट दिलेल्या उताऱ्याला जोडली जात नाही.

आम्ही वर्गात फळ्यावर हा उतारा लिहिला. आपल्या बीड जिल्ह्यात तो कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

"दिवाळी झाली की वस्तीवर ट्रक येत. पहाटेच बोचकी बांधली जात. कोयते पोत्यात गुंडाळले जात. आजी मात्र ओट्यावर बसून राही. ती काही बोलत नसे. त्या वर्षी ट्रक आला तेव्हा रेहाना आजीजवळ उभी होती. अम्मीने तिच्या हातात घराची किल्ली दिली आणि"

एका वहीत पुढे असे आले : "ती खूप रडते. मग रेहाना मन लावून अभ्यास करते, मोठी होऊन कलेक्टर बनते आणि सर्व गरिबांचे हाल दूर करते."

इच्छा चांगली आहे, पण जोड तीन ठिकाणी सुटला आहे.

पहिला काळाचा. उताऱ्यात 'येत', 'राही', 'बोलत नसे' हा रीती भूतकाळ आहे, म्हणजे दरवर्षी घडणारी गोष्ट. 'त्या वर्षी' या शब्दांपाशी ती थांबते आणि एकाच दिवसाची गोष्ट सुरू होते : 'आला', 'दिली'. पुढचे सगळे याच साध्या भूतकाळात हवे. 'रडते', 'बनते' आले की वाचणाऱ्याला खडा लागतो.

दुसरा तुटलेल्या वाक्याचा. 'आणि'नंतर 'ती' लिहिले, तर रडले कोण? अम्मी की रेहाना? म्हणून इथे नाव घ्यावे. 'ने' असलेल्या वाक्यांत आमच्या मुलांची आणखी एक गफलत होते. घरी आपण दखनीत 'रेहाना दरवाजा खोली' म्हणतो. तिथे क्रियापद रेहानाच्या मागे जाते. मराठीत ते दाराच्या मागे जाते : 'रेहानाने दार उघडले'. मुले 'रेहानाने दार उघडली' लिहितात ती घरच्या सवयीने. दोन्ही वाक्ये शेजारी शेजारी लिहून दाखवली की त्यांना फरक दिसतो.

तिसरा चालीचा. उताऱ्यातली वाक्ये मोजा. पहिली पाच वाक्ये चार ते सहा शब्दांची आहेत. 'दुःख', 'हाल' असा शब्द कुठेही नाही. फक्त बोचकी, कोयते, किल्ली दिसतात. वहीतल्या एकाच लांब वाक्यात मात्र वीस वर्षे उलटून गेली.

मग आम्ही मुलांना विचारले, उताऱ्यात अजून न वापरलेले काय उरले आहे? बराच वेळ कुणी बोलले नाही. मागच्या बाकावरच्या एका मुलीचे आईवडील तेव्हा ऊसतोडीलाच गेलेले होते. ती म्हणाली, "सर, आजी कधीच बोलत नसे, असं लिहिलंय. मग आज बोलली तर?" तिने वहीत लिहिले :

"अम्मी ट्रककडे वळली. रेहानाने मूठ मिटली. किल्ली गार होती. ट्रक वळणाआड गेला. धूळ खाली बसेपर्यंत दोघी हलल्या नाहीत. मग आजी बोलली. 'चल बेटी, चुल्हा जला.' रेहानाने दार उघडले."

यात काळ तोच आहे, वाक्येही तेवढीच आखूड आहेत. आजीचे न बोलणे, जे उताऱ्यात सहज आले होते, त्यातूनच शेवट निघाला. आजी दखनीत बोलली, तेही बरोबर आहे. पात्राच्या तोंडी घरची बोली शोभते. निवेदन मात्र उताऱ्याच्याच मराठीत राहायला हवे. परीक्षेत गोष्ट याहून लांबवावी लागेल. तेव्हा याच दिवसातला पुढचा प्रसंग घ्यावा, वीस वर्षांनंतरचा नको.

घरी एक परीक्षा करता येईल. मुलाने पूर्ण केलेली गोष्ट उताऱ्यासह कागदावर सलग उतरवून घ्या, जोडाची खूण ठेवू नका. ती घरातल्या दुसऱ्या कुणाकडून मोठ्याने वाचून घ्या. उतारा न पाहिलेल्या माणसाने नुसते ऐकावे आणि हात बदलला असे वाटेल तिथे हात वर करावा. हात बरोबर जोडावरच वर आला, तर तिथली दोन वाक्ये काढून आधी क्रियापदे तपासा, मग शब्द मोजा. बहुतेक वेळा दोष क्रियापदातच सापडतो.

त्या मुलीच्या वेळी वर्गात हात वर आला, पण दोन वाक्ये उशिरा, 'किल्ली गार होती'पाशी. आम्ही कारण विचारले. हात वर करणारा मुलगा म्हणाला, "तिथं वाटलं, हे हिचंच आहे."