सव्वानऊची घाई

शेअरला सकाळी नऊ वाजता प्री-ओपन सत्र मिळते, ऑप्शनला मिळत नाही. शिवाय आदल्या दिवशीच्या न लागलेल्या ऑर्डरी संध्याकाळीच रद्द झालेल्या असतात. त्यामुळे एनएसईवर 9.15 ला ऑप्शनचे ऑर्डर बुक कोरेच उघडते. त्यात पहिले भाव येतात ते बहुतेक मार्केट मेकर आणि मोठ्या रायटरांचे. त्यांची बिड मुद्दाम खाली असते, आस्क मुद्दाम वर. तुमची ऑर्डर लागताक्षणी त्यांना शेअरमध्ये किंवा फ्युचरमध्ये हेज करायचे असते आणि त्या वेळी तोच भाव ठरत नसतो. या जोखमीची किंमत ते तुमच्याकडून वसूल करतात.

ती किती, हे एका कल्पित उदाहरणावरून पाहू. एका मध्यम शेअरचा अ‍ॅट-द-मनी कॉल, लॉट 500 चा. 9.17 ला बिड 38 आणि आस्क 46. मध्यभाव 42. आस्कला उचलला तर एका लॉटमागे 2,000 रुपये तिथेच गेले. डेल्टा 0.5 धरला तर मध्यभाव तुमच्या खरेदीला गाठण्यासाठीच शेअर 8 रुपये चढायला हवा. सव्वादहाला त्याच स्ट्राइकला बिड 41.20, आस्क 42.60 दिसले, तर हाच खर्च 350 रुपयांवर येतो. स्प्रेडला मध्यभावाने भागा: सकाळी 19 टक्के, नंतर साडेतीनच्या आत. शेअर ऑप्शनमध्ये हा आकडा पाचाखाली आल्याशिवाय हात घालू नये, असे आमचे मत आहे. मात्र पाच लॉट घ्यायचे आणि आस्कवर एकच लॉट उभा, तर अरुंद स्प्रेडलाही अर्थ नाही.

तीननंतर स्प्रेड पुन्हा रुंदावतो, पण कारण बदलते. 3.27 ला तुम्हाला ऑप्शन विकणाऱ्याकडे हेजसाठी तीनच मिनिटे उरतात आणि पुढे रात्रभराचा गॅप असतो. एक्स्पायरीच्या आठवड्यात इन-द-मनी शेअर ऑप्शनमध्ये हे आणखी जाणवते. डिलिव्हरी टाळायला सगळ्यांनाच बाहेर पडायचे असते, घेणारे मोजकेच. मग बिड खऱ्या किमतीच्याही खाली घसरते. निफ्टीच्या जवळच्या स्ट्राइकना हे फारसे लागू नाही. तिथे बुक काही मिनिटांतच भरते.

थांबण्यालाही किंमत आहे, हे खरे. तोवर शेअर पळाला तर वाचवलेले 1,650 रुपये कुठल्या कुठे जातात. पण ते दिशेचे गणित झाले, स्प्रेडचे नव्हे. बातमीमुळे सव्वानऊलाच शिरायचे असेल, तर मध्यभावाला लिमिट ऑर्डर लावा, थोडी थोडी वर न्या आणि किती वर न्यायची ते आधीच ठरवा. बाकी सर्व शेअर ऑप्शनसाठी दहा ते अडीच ही वेळ बरी.