कढण द्यावे की डाळ? मूत्रपिंडाला अकस्मात इजा झाल्यानंतरचा आहार

घरातील ज्येष्ठ व्यक्तीला दोन-तीन दिवस जुलाब-उलट्या झाल्या, अंगातील पाणी कमी झाले, त्यातच रक्तदाबाच्या आणि दुखण्यावरच्या गोळ्या चालूच राहिल्या आणि लघवीचे प्रमाण एकाएकी घटले. रुग्णालयात तपासणी झाल्यावर डॉक्टर सांगतात, “मूत्रपिंडाला अकस्मात इजा झाली आहे. डायलिसिसची वेळ अजून आलेली नाही. आपण थांबून पाहू.” या थांबून पाहण्याच्या काळात रुग्णाला काय खाऊ घालावे, हा प्रश्न घरच्या माणसांपुढे उभा राहतो. आजच्या लेखात आपण एवढ्याच काळाचा विचार करणार आहोत.

समजा, बहात्तर वर्षांच्या एक आजी आहेत. आजारापूर्वी त्यांचे वजन ५० किलो होते. तिसऱ्या दिवशीच्या तपासणीत क्रिएटिनीन ३.६, पोटॅशियम ५.७ आणि फॉस्फेट ६.२ आले आहे. लघवी दिवसाला अर्धा लिटरच्या आसपास होते आहे. पोटॅशियम सामान्यतः ३.५ ते ५ आणि फॉस्फेट २.५ ते ४.५ या मर्यादेत असते, म्हणजे दोन्ही वाढलेली आहेत. “किडनीला त्रास नको” म्हणून सूनबाईंनी डाळ, दूध, अंडी सारे बंद केले आहे. घरून येणाऱ्या डब्यात भाताची पेज, मुगाचे पातळ कढण, मोसंबीचा रस आणि शहाळ्याचे पाणी असते. हेतू उत्तम आहे, पण या डब्यात दोन चुका आहेत आणि त्या एकमेकींत गुंतलेल्या आहेत.

पहिली चूक उपासमारीची. या डब्यातून आजींना दिवसभरात जेमतेम पाचशे-सहाशे उष्मांक आणि दहा-बारा ग्रॅम प्रथिने मिळतात. शरीराला ऊर्जा तर हवीच असते. ती बाहेरून आली नाही की शरीर स्वतःचे स्नायू मोडून ती मिळवते. आपल्या शरीरातील सुमारे ९८ टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असते आणि त्याचा सर्वांत मोठा साठा स्नायूंत असतो. फॉस्फेटही पेशींत भरपूर असते. स्नायू मोडले की हे दोन्ही पदार्थ रक्तात उतरतात आणि मोडलेल्या प्रथिनांपासून युरियाही तयार होतो. सूनबाईंनी जे टाळण्यासाठी डाळ बंद केली, नेमके तेच आता आतून घडू लागते. शिवाय या वयात गमावलेले स्नायू सहजी परत येत नाहीत. मूत्रपिंड सावरते, पण आजी खुर्चीतून आधाराशिवाय उठू शकत नाहीत, असे यामुळेच घडते.

म्हणून पहिले लक्ष उष्मांकांकडे द्यावे. मूत्रपिंडविकारांविषयी मार्गदर्शक तत्त्वे ठरवणाऱ्या ‘केडिगो’ या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१२ मध्ये यासाठी प्रमाण सांगितले आहे. दर किलो वजनामागे दिवसाला २० ते ३० उष्मांक, आणि शरीराची झीज फार होत नसेल व डायलिसिस चालू नसेल तर ०.८ ते १ ग्रॅम प्रथिने. डायलिसिस लांबावे या हेतूने प्रथिने त्याहून कमी करू नयेत, असेही तेथे स्पष्ट म्हटले आहे. आजींसाठी याचा अर्थ दिवसाला ४० ते ५० ग्रॅम प्रथिने आणि साधारण दीड हजारापर्यंत उष्मांक असा होतो. हिशेब आजारापूर्वीच्या वजनावर करावा, कारण अंगावर सूज असेल तर काट्यावर दिसणाऱ्या वजनात पाणीही मोजले जाते. तीव्र जंतुसंसर्ग किंवा मोठी शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाला प्रथिने अधिक लागतात. डायलिसिस सुरू झाल्यावरही ती वाढवावी लागतात, कारण त्या प्रक्रियेत प्रथिनांचे घटक वाहून जातात.

येथे एक सावधगिरी बाळगावी. मूत्रपिंडाच्या जुनाट विकारासाठी शेजारच्या काकांना मिळालेला कमी प्रथिनांचा तक्ता या आजारात वापरू नये. तो संथ चालणाऱ्या आजारासाठी, स्थिर प्रकृतीच्या माणसासाठी असतो.

आता चाळीस ग्रॅमचे गणित ताटात मांडून पाहू. दिवसभराच्या चहात मिळून अर्धा कप, म्हणजे १०० मिलिलिटर दूध घातले तर तीन ग्रॅम प्रथिने मिळतात. सकाळच्या ५० ग्रॅम पोह्यांतून साडेतीन. दोन्ही वेळच्या मिळून चार पोळ्यांतून बारा आणि दोन लहान वाट्या भातातून चार. दुपारी पंचवीस ग्रॅम मूगडाळीच्या घट्ट वरणातून सहा, अर्धी वाटी दह्यातून तीन, भाज्यांतून दोन. सायंकाळी दोन अंड्यांच्या पांढऱ्या भागातून सात. बेरीज चाळीस ग्रॅमच्या आसपास येते. अंडे चालत नसेल तर ३० ग्रॅम घरचे पनीर द्यावे. या साऱ्यावर दिवसभरात सहा चमचे तेल-तूप वापरले आणि एखादे सफरचंद दिले की उष्मांक चौदाशे-पंधराशेपर्यंत जातात. पोळीवरचे तूप या दिवसांत मोलाचे आहे, कारण त्यातून ऊर्जा मिळते आणि पोटॅशियम वा फॉस्फेटचा भार जवळजवळ पडत नाही. एवढे अन्न एका वेळी जात नसेल तर सहा वेळा थोडे थोडे द्यावे. मधुमेह असेल तर हेच ताट आहारतज्ज्ञांकडून बसवून घ्यावे. चहा, दही, वरण यांतील पाणी डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या दिवसाच्या पाण्यात मोजावे.

दुसरी चूक पोटॅशियमची. जुलाब चालू असताना पहिल्या दिवशी शहाळे देणे योग्यच होते, कारण तेव्हा शरीरातून पाणी आणि क्षार वाहून जात होते. पण लघवी घटल्यावर पोटॅशियम बाहेर टाकण्याची मुख्य वाट अरुंद होते. एका शहाळ्याच्या पेलाभर पाण्यात सुमारे अर्धा ग्रॅम पोटॅशियम असते आणि ते पाण्यात विरघळलेले असल्यामुळे झपाट्याने रक्तात येते. फळांचे रस आणि जलसंजीवनीची पुडी यांतही पोटॅशियम असते, म्हणून या टप्प्यावर ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नयेत.

कढणाची गोष्ट अधिक विचार करण्याजोगी आहे. डाळ शिजताना तिच्यातील पोटॅशियम पाण्यात उतरते, तर प्रथिने बहुतांशी डाळीतच राहतात. आपण वरचे पातळ पाणी रुग्णाला देतो आणि तळाची डाळ घरातल्यांसाठी ठेवतो. त्यामुळे रुग्णाला नको ते मिळते आणि हवे ते मिळत नाही. याची रीत उलटी करावी. डाळ काही तास भिजवून पाणी ओतून द्यावे, भरपूर पाण्यात उकळून तेही पाणी टाकावे आणि मग थोड्या ताज्या पाण्यात तिचे घट्ट वरण करावे. भाज्यांचेही तसेच. दुधी, पडवळ, कोबी बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळावेत, पाणी निथळून टाकावे आणि मग फोडणी द्यावी. ते पाणी आमटीत वापरू नये. कुकरमध्ये थोड्या पाण्यात शिजवलेल्या भाजीतील पोटॅशियम भाजीतच राहते. बटाटा, रताळे, टोमॅटोचे सार, केळे आणि सुका मेवा तूर्त बाजूला ठेवावेत.

मीठ कमी करायला सांगितले म्हणून ‘कमी सोडियमचे मीठ’ मात्र आणू नये. त्यात सोडियमची जागा काही अंशी पोटॅशियमने भरून काढलेली असते. रक्तदाबाच्या काही गोळ्याही पोटॅशियम वाढवतात, म्हणून चालू असलेल्या सर्व औषधांची यादी डॉक्टरांना दाखवावी.

वाढलेले पोटॅशियम बहुधा काहीही जाणवू देत नाही. कधी पायांतील शक्ती गेल्यासारखे वाटते किंवा नाडी मंद अथवा अनियमित होते. अशा वेळी आहारात बदल करीत बसू नये. ताबडतोब डॉक्टरांना कळवावे, कारण तेव्हा हृदयाचा आलेख आणि औषधे यांचीच गरज असते. तपासणीत आकडा सहाच्या पुढे गेला तर लक्षण नसतानाही हाच नियम पाळावा.

राहिले फॉस्फेट. प्रथिनांबरोबर ते येतेच, त्यामुळे फॉस्फेटच्या भीतीने प्रथिने तोडण्याचा मोह होतो. त्याऐवजी फॉस्फेट कोठून येते हे पाहावे. डाळी आणि धान्यांतील फॉस्फेट फायटेट या स्वरूपात बांधलेले असते आणि त्यातील थोडाच भाग आतड्यांतून शोषला जातो. कोला पेये, प्रक्रिया केलेले चीज, टिकवलेले मांस, काही बेकरीचे पदार्थ यांत मिसळलेले फॉस्फेटचे क्षार मात्र बहुतांश शोषले जातात. म्हणून आजींची डाळ चालू ठेवावी आणि बिस्किटांचा पुडा व खव्याची मिठाई दूर ठेवावी. अंड्याचा पिवळा भाग टाळून पांढरा देण्याचे कारणही हेच आहे. पांढऱ्या भागात प्रथिने उत्तम असतात आणि फॉस्फेट अत्यल्प. डॉक्टरांनी फॉस्फेट बांधणाऱ्या गोळ्या दिल्या असतील तर त्या जेवणाबरोबरच द्याव्यात. रिकाम्या पोटी त्यांना बांधायला काही सापडत नाही.

बद्धकोष्ठतेकडेही लक्ष ठेवावे, कारण पोटॅशियमचा काही भाग शौचावाटे बाहेर पडतो. पण औषधाच्या दुकानातून एनिमा आणून घरीच देऊ नये. त्यांतील काहींत फॉस्फेट असते आणि इजा झालेल्या मूत्रपिंडाला ते घातक ठरू शकते.

शेवटची गोष्ट बऱ्याचदा विसरली जाते. ही सारी बंधने तपासणीच्या आकड्यांपुरती आहेत. मूत्रपिंड सावरू लागले की कित्येकदा लघवी एकदम वाढते आणि तिच्यावाटे पोटॅशियम व फॉस्फेट भराभर निघून जातात. आठवडाभराने आजींचे पोटॅशियम ३.३ आले, तर कालपर्यंत वर्ज्य असलेले केळे डॉक्टरांच्या सल्ल्याने त्यांना द्यावे लागेल आणि भाजीचे पाणी टाकणे थांबवावे लागेल. यासाठी एक वही करावी. रोज सकाळचे वजन, दिवसाची लघवी, खाल्लेले पदार्थ आणि प्रत्येक तपासणीचे पोटॅशियम, फॉस्फेट व क्रिएटिनीन तीत नोंदवावे. डॉक्टर राऊंडला आले की ती वही त्यांच्यापुढे ठेवून एवढेच विचारावे, “आजच्या आकड्यांवर उद्याच्या डब्यात काय बदलू?”