कमाई तिची, वारस नणंदेची मुलं

नारायणी देवींचं १९५५ साली लग्न झालं आणि तीन महिन्यांत नवरा वारला. सासरच्यांनी घराबाहेर काढलं. आईवडिलांनी शिकवलं, नोकरी लागली, आणि चाळीस वर्षांत त्या पुन्हा सासरी गेल्या नाहीत. १९९६ मध्ये त्या वारल्या तेव्हा मूल नव्हतं, मृत्युपत्रही नव्हतं. होती ती बँकेतली शिल्लक आणि भविष्य निर्वाह निधी. आईनं हक्क सांगितला. नणंदेच्या मुलांनीही सांगितला. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पैसे नणंदेच्या मुलांना दिले. कायदा भावनेवर चालत नाही, असं सांगून.

न्यायालयावर राग काढून उपयोग नाही, खोट कायद्यातच आहे. हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६, कलम १५. बाईच्या मिळकतीवर पहिला हक्क मुलांचा आणि नवऱ्याचा. ते नसतील तर नवऱ्याचे वारस. तिचे आईवडील त्यांच्यानंतर. आणि नवऱ्याचे वारस ठरवताना असं धरतात, की मिळकत नवऱ्याचीच होती आणि तो तिच्या पाठोपाठ वारला. म्हणजे चाळीस वर्षांपूर्वी गेलेला माणूस तिच्या पगाराचा मालक होतो! असा कोड मी लिहिला असता तर रिव्ह्यूमध्ये परत आला असता.

आईबापांकडून वारशानं आलेली मिळकत मात्र, मूलबाळ नसेल तर, वडिलांच्या वारसांकडे परत जाते. म्हणजे बापाची जमीन माहेरी परतते आणि स्वतःच्या घामाचा पैसा सासरी जातो. कमावणारी बाई या कायद्याच्या डोळ्यांसमोर नव्हतीच. उलट बाजूनं पाहा: बिनमुलाचा पुरुष वारला तर बायको आणि आई वारस होतात, सासू-सासरे त्या रांगेत कुठेच नसतात.

विधी आयोगानं २००८ मध्येच दुरुस्ती सुचवली होती. कलम अजून तसंच आहे. समान नागरी कायद्याच्या चर्चेत बोट नेहमी आपल्याकडे असतं. आपल्याकडे मुलीला मुलाच्या निम्मं मिळतं, त्यावर प्रश्न विचारा, मीही विचारतो. पण आपल्या वारसा कायद्यात मेलेल्या लेकीची आई नणंदेच्या मुलांमागे उभी राहत नाही. हे बोलताना विजयी सूर नको. ऑफिसात माझ्या शेजारी बसणारी विवाहित, मूल नसलेली मैत्रीण याच कलमाखाली येते.

मी तिला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "अरे, बँकेत नॉमिनी आईच आहे." नॉमिनी पैसे घेतो, वारसांच्या वतीनं, मालक होत नाही. तिला मृत्युपत्रच करावं लागेल. साधा कागद चालतो, नोंदणी सक्तीची नाही, तिची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. साक्षीदार म्हणून तिनं मला विचारलंय. शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत बसणार आहोत.