पावडरचा डबा आणण्याआधी

गेल्या महिन्यात विहारातल्या महिलांच्या बैठकीत वस्तीतल्या एका सुनेने तिच्या लेकीची हकिकत सांगितली. ऐकल्यापासून आम्हाला एकच प्रश्न छळतो आहे. ज्या बाळाला आईच्या दुधाची सर्वांत जास्त गरज होती, त्याच्या आईला चौथ्या दिवशी घरी का पाठवले? आणि आपण घरच्यांनी तिला घरीच का ठेवले?

तिचे बाळंतपण तिसाव्या आठवड्यात, म्हणजे दहा आठवडे आधी झाले. मुलीचे वजन १२५० ग्रॅम भरले, म्हणून तिला नवजात शिशू विभागात काचेच्या पेटीत ठेवले. दुसऱ्या दिवसापासून नळीने दर दोन तासांनी दोन मिली दूध सुरू झाले. चौथ्या दिवशी खाट रिकामी हवी म्हणून आईला सुट्टी दिली. घरी आजेसासू म्हणाल्या, "बाळंतिणीनं सव्वा महिना उंबरा ओलांडायचा नाही." ती दोन दिवसांतून एकदा कशीबशी दवाखान्यात जायची. दूध पिळून काढायला कुणी सांगितले नाही, आणि ते आटत गेले. सातव्या दिवशी बाळाच्या बापाच्या हातात पावडरच्या डब्याची चिठ्ठी आली.

तेराव्या दिवशी मुलगी प्रत्येक वेळी चौदा मिली दूध घेत होती, वजनही वाढत होते. त्या दिवशी भेटायला गेलेल्या आजीला तिचे पोट टम्म दिसले. "भरलं असेल पोट," म्हणून आजी गप्प राहिली. चौदाव्या दिवशी आई गेली, तेव्हा रोज बोट घट्ट धरणारी मुलगी बोट धरेना. पोट ताणलेले होते, त्यावरची कातडी चकाकत होती. दूध देण्याआधी सिस्टरने नळी ओढून पाहिली, तर हिरवे पाणी आले. तेवढ्यात यंत्र वाजले, मुलीचा श्वास मध्येच थांबला होता.

या आजाराचे नाव नेक्रोटायझिंग एन्टेरोकोलायटिस. दवाखान्यात त्याला एनईसी म्हणतात. यात आतड्याला सूज येते आणि त्याचा काही भाग मरू लागतो. दीड किलोपेक्षा कमी वजनाच्या, फार आधी जन्मलेल्या बाळांना तो जास्त होतो. बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, म्हणजे दूध वाढत असते आणि घरचे निर्धास्त झालेले असतात, तेव्हाच तो गाठतो.

कारण एकच नाही. आठव्या-नवव्या महिन्यात आतड्याची जी तयारी व्हायची, ती या बाळांची झालेली नसते. आतल्या अस्तराच्या पेशी घट्ट जुळलेल्या नसतात, आतडे दूध पुढे ढकलायला मंद असते. आईच्या अंगावरच्या जंतूंऐवजी दवाखान्यातले जंतू तिथे आधी वस्ती करतात. असे जंतू अस्तरातून आत शिरले की बाळाचे कोवळे शरीर इतक्या जोराने प्रतिकार करते, की स्वतःचेच आतडे सुजते. सुजेने तिथला रक्तपुरवठा कमी होतो आणि तेवढा तुकडा मरतो.

आईचे दूध यातल्या जवळजवळ प्रत्येक पायरीवर आडवे येते. त्यातली प्रतिपिंडे अस्तरावर लेप लावल्यासारखी बसतात आणि जंतूंना चिकटू देत नाहीत. त्यात काही साखरा अशा असतात, की त्या बाळाला पचतच नाहीत. त्या चांगल्या जंतूंचे खाद्य असतात. अस्तर पक्के करणारे घटकही त्यात असतात. पहिल्या दिवसांच्या चिकात हे सगळे सर्वांत दाट असते, आणि तोच चीक आपल्याकडे काही घरांत अजून पिळून टाकून देतात.

आम्हाला सर्वांत मोलाची वाटते ती गोष्ट वेगळीच. आई ज्या वॉर्डात वावरते, तिथले जंतू तिच्याही पोटात जातात, आणि त्यांच्याविरुद्धची प्रतिपिंडे तिच्या दुधात उतरतात. म्हणजे बाळाजवळ बसणारी आई त्या वॉर्डापुरते खास औषध तयार करत असते. घरी बसवलेल्या आईला ते जमत नाही.

१९९० साली ल्युकस आणि कोल या इंग्लंडमधल्या संशोधकांनी ९२६ कमी दिवसांच्या बाळांची पाहणी प्रसिद्ध केली. निव्वळ आईच्या दुधावरच्या बाळांपेक्षा निव्वळ पावडरच्या दुधावरच्या बाळांत हा आजार सहा ते दहा पट जास्त दिसला. दोन्ही मिळणाऱ्यांपेक्षाही तो तिप्पट होता. म्हणजे थोडे आईचे दूधही वाया जात नाही. आईच्या दुधावरच्या बाळांनाही एनईसी होतो, हे मात्र खरे. या मुलीला तो पावडरीमुळेच झाला, असे कुणी छातीठोक सांगू शकणार नाही.

म्हणून आमचे म्हणणे डब्याविरुद्ध नाही, डब्याच्या घाईविरुद्ध आहे. आधी आईचे स्वतःचे दूध. बाळंतपणानंतर जमेल तितक्या लवकर, शक्यतो पहिल्या तासांतच, ते हाताने पिळायला सुरुवात करावी आणि दिवसरात्र मिळून आठ ते दहा वेळा काढावे. पहिल्या दिवशी चार थेंब आले तरी ते सिस्टरकडे द्यावेत. ज्या बाळाचा घोटच दोन मिलीचा, त्याला चार थेंब थोडे नाहीत. ते कमी पडले तर दूधपेढीचे, म्हणजे दुसऱ्या मातांनी दिलेले, तपासून तापवलेले दूध. तापवल्याने त्यातली काही प्रतिपिंडे जातात, तरी या आजारापासून ते पावडरीपेक्षा जास्त राखते. धारावीला लागूनच असलेल्या शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली अशी पेढी सुरू केली. ती आशियातली पहिली. तेव्हा डब्याची चिठ्ठी हातात आली, की "दूधपेढीचं दूध मिळेल का?" हे विचारायला लाजू नये. आईच्याच दुधात मिसळायची पोषक पूड डॉक्टरांनी सांगितली, तर ती वेगळी गोष्ट, तिला घाबरू नये.

आईला आत बसू देणे ही मेहेरबानी नाही. अशा विभागांत कुटुंबाने बाळाच्या देखभालीत भाग घ्यावा, यासाठी केंद्र सरकारच्या २०१७ सालच्या मार्गदर्शक सूचना आहेत. आत बसलेल्या माणसाला काय दिसते, ते या मुलीच्या आईने दाखवलेच आहे. नळीतून थोडे पांढरे दूध परत आले तर लगेच घाबरू नये. पण पाणी हिरवे आले, पोट फुगून कडक झाले किंवा त्यावर लाल-निळी झाक आली, लंगोटात रक्ताची रेघ दिसली, बाळ एकाएकी मलूल किंवा थंड पडले, श्वास थांबू लागला, तर राउंडची वाट पाहू नये. त्याच क्षणी सिस्टरला बोलवावे. चूक निघाली तर कुणाचे काही बिघडत नाही.

त्या मुलीचे दूध तत्काळ बंद झाले. पोटातली हवा नळीने काढत राहिले, सलाईन आणि प्रतिजैविके सुरू झाली. एक्सरेत आतड्याच्या भिंतीत हवेचे बारीक बुडबुडे दिसले. आजार पक्का असल्याची ती खूण होती. आतडे फुटले असते तर हवा बाहेर पोटात दिसली असती, मग ऑपरेशन करून मेलेला तुकडा कापावा लागला असता. म्हणून सुरुवातीला काही तासांच्या अंतराने एक्सरे पुन्हा पुन्हा काढले. आतडे फुटले नाही. दहा दिवस तोंडाने काही नाही.

त्या दहा दिवसांत आई दवाखान्याच्या जिन्याजवळ बसून दर अडीच तासांनी रिकामी छाती पिळत राहिली. आजेसासूच डबा घेऊन यायच्या, भाजी-भाकरीचा. तिसऱ्या दिवशी वाटीचा तळ ओला झाला. अकराव्या दिवशी नळीतून पुन्हा दोन मिली दूध गेले, आणि ते तिच्या आईचे होते.